माती परीक्षण अहवाल : मराठी भाषांतर
(विहिरीखालचं खाचर, 20 गुंठे, मुरबाड तालुका. पीक : खरीप भात, निमगरवा)

मूळ इंग्रजी अहवालातले आकडे जसेच्या तसे ठेवले आहेत. त्यातली खतमात्रा मात्र हेक्टरी आहे. ती तुमच्या 20 गुंठ्यांची, म्हणजे हेक्टरच्या पाचव्या हिश्शाची करून दिली आहे.

सामू : 5.8, किंचित आम्ल
क्षारता : 0.12, योग्य
सेंद्रिय कर्ब : 0.58 टक्के, मध्यम
नत्र : हेक्टरी 224 किलो, कमी
स्फुरद : हेक्टरी 9.2 किलो, कमी
पालाश : हेक्टरी 186 किलो, मध्यम
जस्त : 0.42 पीपीएम, कमी (निदान 0.6 हवं)
लोह : 21.4 पीपीएम, भरपूर

पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. हे आकडे मातीत एकूण किती आहे त्याचे नाहीत, पिकाला उचलता येईल तेवढ्याचे आहेत.

सामू बघून चुना विकत घेऊ नका. खाचरात पाणी साचलं की आम्लपणा आपोआप उतरतो. खरी अडचण स्फुरदाची आहे. आपल्या तांबड्या मातीतलं लोह स्फुरदाला धरून ठेवतं, मुळांना मिळू देत नाही. म्हणून सुपर फॉस्फेट वरून फेकण्यात अर्थ नाही. ते सगळं एकदम चिखलणीलाच गाडा.

शिफारस हेक्टरी 100:50:50 ची. नत्र आणि स्फुरद कमी असल्याने ती दोन्ही सव्वापट धरली आहेत. तुमच्या खाचराला एकूण लागेल :

युरिया 54 किलो (45 किलोचं एक पोतं आणि वर 9 किलो)
सिंगल सुपर फॉस्फेट 78 किलो (दीड पोतं आणि वर 3 किलो)
म्युरेट ऑफ पोटॅश 17 किलो
झिंक सल्फेट 5 किलो

पहिल्या पावसाआधी 2 टन चांगलं कुजलेलं शेणखत पसरा. शेवटच्या चिखलणीला सगळं सुपर, सगळं पोटॅश आणि 22 किलो युरिया. झिंक सुपरमध्ये कालवू नका, दोन्ही एकमेकांना अडकवतात. लावणीनंतर आठ-दहा दिवसांनी ते ओलसर मातीत मिसळून वेगळं फेका. पानं तांबूस पडून रोप खुजं राहतं, त्याला आपण रोग म्हणून औषध मारतो. पुष्कळदा ती जस्ताची उणीव असते, आणि इथे आकडा तेच सांगतो आहे.

फुटवे येताना, साधारण 30 दिवसांनी, 21 किलो युरिया. उरलेला 11 किलो लोंबी पोटरीत धरताना. यासाठी कॅलेंडर नको, एखादा फुटवा उभा चिरून आत कोवळी लोंबी दिसते का ते पाहा.

युरिया टाकायच्या आधी बांध फोडून पाणी काढा. खत पडल्यावर एक दिवस थांबा, मग बांध बांधून पाणी घ्या. वरच्या खाचराचं पाणी तुमच्यातून वाहत असेल, तर त्या दिवसापुरतं ते बाजूने वळवून घ्या. नाहीतर खत खालच्याच्या शेतात जाईल.