पुणे-वाई-प्रतापगड-महाबळेश्वर एकदिवसीय सहल: बस सुटल्यावर माईकवर करायची अनाउन्समेंट

हॅलो हॅलो, मागपर्यंत येतोय का आवाज? शेवटच्या सीटवरच्या मंडळींनी जरा हात वर करा. हां, येतोय म्हणजे. सगळ्यांना नमस्कार आणि गुड मॉर्निंग. जानेवारीच्या थंडीत पहाटे सहाला चांदणी चौकात अडतीसच्या अडतीस जण वेळेवर हजर होते, पाच छोटी मंडळी पण अंघोळ करून टोपी घालून तयार, मनापासून थँक्यू सगळ्यांना. मी आज दिवसभर तुमच्यासोबत आहे, मला ताई म्हणा, आजी-आजोबांनी नुसतं बेटा म्हटलं तरी मी ओ देईन. गाडी चालवतायत ते आपले काका, घाटाचा रस्ता त्यांच्या पायाखालचा आहे, आणि दाराशी बसलाय तो आपला क्लीनर दादा. सामान वर ठेवणं, पाणी, उलटीची पिशवी, काहीही लागलं तर त्याला हाक मारा.

आता वारजे सोडलं की नवले पूल, मग कात्रजचा नवीन बोगदा, पुढे खेड शिवापूरचा टोलनाका. तिथपर्यंत ट्रॅफिक असतं म्हणून जे सांगायचं ते मी आत्ताच सांगून घेते, दहा मिनिटं द्या मला, मग झोपायचं त्यांनी खुशाल झोपा.

आधी सेफ्टीचं. आपल्या सगळ्या सीटना बेल्ट आहेत, ते आत्ताच लावा, मी थांबते... मागे कुणाचा अडकत असेल तर दादा येतोय. लहान मुलांना मांडीवर घेऊन एकच बेल्ट दोघांना लावू नका प्लीज, ब्रेक लागला की सगळा भार मुलावर येतो, त्याला त्याच्या सीटवर वेगळं बसवा. इमर्जन्सी दार मागच्या बाजूला उजवीकडे आहे, लाल हँडल दिसतंय बघा, त्याच्यासमोर बॅगा ठेवू नका, आत्ता एक निळी सॅक दिसतीये तिथे, ज्यांची असेल त्यांनी पायाशी घ्या. काच फोडायचे हातोडे खिडक्यांच्या मधे लावलेत, आणि आग विझवायचं सिलिंडर काकांच्या सीटमागे. यातलं काही लागणार नाही, पण कुठे आहे ते प्रत्येकाने एकदा मान वळवून बघून ठेवा, मुलांनो तुम्ही पण बघा. बघितलं? गुड.

चालू गाडीत उभं राहायचं नाही, हात-डोकं बाहेर काढायचं नाही. हायवेवर एक वेळ चालून जाईल असं वाटतं लोकांना, पण घाटात समोरून एसटी आली की दोन गाड्यांच्या मधे हातभर जागा राहते, म्हणून हा नियम मी अजिबात सैल करणार नाही. काकांशी घाटात कुणी बोलायचं नाही, व्हिडिओ काढायला पुढे यायचं नाही, काही सांगायचं असेल तर मला सांगा. आणि व्ह्यू कितीही भारी दिसला तरी वळणावर गाडी थांबवा म्हणू नका, घाटात थांबलेली बस मागून येणाऱ्याला दिसत नाही. फोटोसाठी मी नीट जागा बघून थांबवते, त्याची काळजी करू नका.

ज्यांना गाडी लागते त्यांनी संकोच करू नका हं. आज घाट भरपूर आहेत, खंबाटकी, पसरणी आणि मग सगळ्यात वळणाचा आंबेनळी. गोळी घेत असाल तर नाश्त्यानंतर लगेच घ्या, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नसतो. पुढच्या चार सीट मी त्यासाठीच मोकळ्या ठेवायला सांगितल्यात, तिथे येऊन बसा, लांब रस्त्याकडे बघा, मोबाईल बंद. मुलांना घाटात गेम खेळायला फोन देऊ नका, हमखास उलटी होते.

बरं, आता दिवसाचा प्लॅन.

साडेसातच्या आसपास शिरवळच्या पुढे नाश्ता, अर्धा तास. पोहे, उपमा, मिसळ मिळेल, पण पुढे घाट आहे म्हणून मिसळ-वडा जरा बेतानेच घ्या असं मी सांगेन. वॉशरूम तिथे स्वच्छ आहेत, सगळ्यांनी जाऊन या, लागली नसली तरी जाऊन या, कारण त्यानंतर वाईला सोय आहे पण गर्दी असते.

मग खंबाटकी चढून-उतरून सुरूर फाट्याला हायवे सोडायचा आणि नऊच्या आत वाई. वाईत आपण ढोल्या गणपतीचं दर्शन घेणार आणि कृष्णेच्या घाटावर थोडं बसणार, चाळीस मिनिटं. देवळाची मागची भिंत जरूर फिरून बघा, माशाच्या आकाराची बांधलीये, पुराचं पाणी आलं की दोन्ही बाजूंनी फाकून जावं म्हणून. रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं देऊळ आहे हे. आणि तिथे नदीला हात लावून या, का ते दुपारी सांगते.

वाईचं अजून एक सांगायचंय आणि माझ्यासाठी आजच्या ट्रिपचा सगळ्यात मोठा भाग हाच आहे. १६५९ मधे अफजलखान विजापुराहून निघाला आणि त्याने तळ टाकला तो याच वाईत. वाई त्याच्या ओळखीची, आधी तो इथला सुभेदार होता, सपाट मुलूख, घोडे हत्ती तोफा सगळं आरामात राहील अशी जागा. महाराजांनी काय केलं, तर स्वतः वाईला गेले नाहीत, प्रतापगडावर राहिले आणि वकिलामार्फत बोलणी करून खानालाच जावळीत यायला लावलं. म्हणजे मोकळ्या मैदानातून उचलून घनदाट जंगलात आणि डोंगरात. खान रडतोंडीच्या घाटाने उतरून गडाखालच्या पार गावाजवळ आला. आपला रस्ता तोच नाही, पण निघणार वाईहूनच आणि पोचणार प्रतापगडालाच, तर पसरणी चढताना एकदा मागे वळून वाईचं सपाट खोरं बघा, आणि आंबेनळीत शिरलात की खिडकीतून खालची दरी बघा, मोठी फौज तोफा घेऊन इथे कशी अडकली असेल ते आपोआप कळतं. पुस्तकात दहा वेळा वाचून कळत नाही ते त्या दीड तासात कळतं, म्हणून प्लीज तेवढा वेळ झोपू नका.

पाचगणीला जाताना थांबणार नाही. महाबळेश्वरला पावणेअकराला दहा मिनिटांचा वॉशरूम हॉल्ट, चहा नको फक्त वॉशरूम, आणि बसमधेच केळी आणि चिक्की वाटणार आहोत कारण जेवायला उशीर आहे. तिथून आंबेनळीने प्रतापगड, पावणेबारापर्यंत पार्किंगला.

गडाला आपण पूर्ण अडीच तास ठेवलेत. बऱ्याच सहलींमधे गडाला एक तास देतात आणि उरलेला वेळ पॉइंटवर नाहीतर दुकानात जातो, ते मला पटत नाही म्हणून आज बॉम्बे पॉइंटचा सनसेट आणि वेण्णा लेकचं बोटिंग प्लॅनमधे नाहीये, काल ग्रुपवर दोघा-तिघांनी विचारलं होतं म्हणून सांगतेय. मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली १६५६ मधे बांधून झालेला गड आहे, महादरवाजा असा वळणात लपवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, तो मी तुम्हाला उभं करून दाखवणार आहे. मग भवानी मातेचं दर्शन, वर बालेकिल्ला, केदारेश्वर, आणि महाराजांचा अश्वारूढ पुतळा, १९५७ साली पंडित नेहरूंच्या हस्ते अनावरण झालेला. १० नोव्हेंबर १६५९ ची भेट, जिवा महाला, सय्यद बंडा, सगळं मी तिथे बसून सांगेन, इथे माईकवर नाही.

गुडघ्यांचा त्रास आहे त्यांच्यासाठी. पायऱ्या आहेत, दगडी आणि उंच. भवानीच्या देवळापर्यंत सावकाश सगळे येऊ शकता, मधे बसायला जागा आहे, त्याच्यावर बालेकिल्ल्याचा चढ नको वाटला तर देवळापाशी सावलीत थांबा, दादा तुमच्यासोबत थांबेल. छातीचा, बीपीचा, शुगरचा त्रास असेल तर मला नाश्त्याच्या वेळी बाजूला घेऊन सांगा आणि गोळ्या बसमधे ठेवू नका, खिशात ठेवा.

गडावर तटाच्या कडेवर चढून सेल्फी नाही. बुरुजावर वारा जोरात असतो आणि मागे सरळ कडा आहे. मुलांचा हात मोठ्यांनी धरायचा, फोन नाही धरायचा. माकडं आहेत, प्लास्टिकची पिशवी हातात दिसली की ओढतात, खाऊ सॅकमधे टाका आणि त्यांना काही भरवू नका. दगडावर नाव लिहिणं, कचरा टाकणं, हे आपल्या ग्रुपमधून होणार नाही याची मला खात्री आहे तरी बोलून ठेवते. गडावर जायच्या आधी पार्किंगपाशी वॉशरूमला जाऊन या.

सव्वादोनला खाली जेवण. पिठलं-भाकरी, झुणका, ठेचा, वरणभात, मुलांना साधी चपाती-भाजी. तीनला निघून परत वर, चारला क्षेत्र महाबळेश्वर. तिथे पंचगंगेचं देऊळ, कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री अशा पाच नद्यांचं उगमस्थान मानतात ते. सकाळी वाईत जिला हात लावला ती कृष्णा इथे गोमुखातून येते, आता कळलं ना का सांगितलं. पाऊण तास आहे, देवळात शांतता ठेवा. मग पाचगणीच्या रस्त्यावर गुरेघरच्या बाजूला स्ट्रॉबेरी, अर्धा तास, सीझन आहे, पण पेटीतली वरची नाही तर खालची फळं पण बघून घ्या आणि पेट्या वरच्या रॅकवर ठेवू नका, रस गळून खालच्यांच्या डोक्यावर येतो. पसरणी उतरून हायवेला पावणेआठच्या सुमारास शेवटचा चहा, आणि साडेनऊपर्यंत चांदणी चौक. ट्रॅफिक लागलं तर अर्धा तास इकडेतिकडे, काकांना घाई करा असं कुणी म्हणायचं नाही.

वेळेचं एकच सांगते. मी जी वेळ देईन ती बसमधे बसायची वेळ, वॉशरूममधून निघायची नाही. प्रत्येक हॉल्टनंतर मी डोकी मोजल्याशिवाय गाडी हलणार नाही, शेजारचा आला नसेल तर तुम्ही पण ओरडून सांगा. बसच्या पुढच्या काचेला केशरी फडकं बांधलंय, पार्किंगमधे तेच शोधा. उतरताना नेहमी डावीकडून, आणि बसच्या समोरून रस्ता ओलांडू नका. कुणी चुकलंच तर शोधत फिरू नका, जिथे आहात तिथेच थांबून मला फोन करा, नंबर ग्रुपवर काल टाकलाय, आत्ता सेव्ह करा. आंबेनळीत मधे मधे रेंज जाते म्हणून मुलांच्या खिशात एका कागदावर आई-बाबांचा नंबर लिहून ठेवा, कागद-पेन माझ्याकडे आहे. काही मोठं झालं तर ११२, अँब्युलन्सला १०८. आणि गाडीत दारू-सिगरेट नाही, गडावर तर अजिबातच नाही.

एवढंच. कुणाला काही शंका? नाही? मग माईक ठेवते आणि मागच्या सीटपासून जेवणाचा आकडा घेत येते, प्रतापगडला फोन करून सांगावं लागतं, किती भाकरी आणि किती चपाती ते घरटी ठरवून ठेवा.