कुलूप लेकाच्या दारी

(इयत्ता सातवी, मराठी, दुपारचा दुसरा तास. बीड जिल्ह्यातलं गाव, जानेवारीचा शेवटचा आठवडा. पटावर 28, वर्गात 17. बाकीची मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली. बसलेल्यांपैकी निम्मी हंगामी वसतिगृहात जेवतात, उरलेली आजीकडे. आज स्वतःला एक अट घातली होती, तासभर प्रश्नाशिवाय एक वाक्य बोलायचं नाही. "छान" आणि "शाब्बास"सुद्धा नाही. तेच सगळ्यात जड गेलं. ओळी मुलं यायच्या आधीच फळ्यावर लिहून ठेवल्या होत्या.)

गाव सुटला गाडीत
कुलूप लेकाच्या दारी
आजी रोज झाडते गं
रिकामीच ती ओसरी

बाई : विशाल, मोठ्यानं वाचशील?

(विशाल वाचतो. बातम्या वाचतात तसा.)

बाई : कोमल, तू वाचशील? जरा सावकाश?

(कोमल दुसऱ्या ओळीनंतर थांबते, मग पुढचं वाचते.)

बाई : तिथं का थांबलीस?

कोमल : माहीत नाही बाई. तिथवर माणसं गेली. मग आजी आली.

बाई : कोण कोण गेलंय या कवितेतून?

आदित्य : लेक. म्हणजे आजीचा मुलगा.

सानिका : आणि सून. कोयता एकट्याचा नसतोय.

बाई : सून हा शब्द फळ्यावर कुठं आहे?

सानिका : नाही. पण नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात ना. मुकादम उचल देतो ती जोडीला. लेक गेला म्हणजे ती गेलीच.

बाई : मग ती ओळीत का नसेल?

(कुणी बोललं नाही. मीही ओळी करताना याचा विचार केला नव्हता. पुढं सरकले.)

बाई : पहिल्या ओळीत 'सुटला' आहे, तिथं 'सोडला' असतं तर?

विशाल : सारखंच की.

बाई : तुझ्या हातून पाटी सुटली आणि तू पाटी सोडली, यात मार कशाला बसेल?

(हशा.)

विशाल : सोडली तर. सुटली म्हणजे आपल्या मनात नव्हतं.

बाई : मग गाव सोडणं कुणाच्या मनात नव्हतं?

विशाल : जाणाऱ्यांच्या. त्यांना जायचं नव्हतं.

शाहिद : बाई, पण शाळा सुटती, गाडी सुटती. ती हातातून पडत नाही, निघती. इथं गावच गाडीत बसून निघालं असं बी होतंय.

बाई : गाव गाडीत बसतं का?

शाहिद : दिवाळीनंतर बसतं की! ट्रकमधी भांडी, शेळी, कोंबड्या, चूल, पोरं... मागं काय राहतं?

बाई : या दोन अर्थांतला बरोबर कुठला?

रेश्मा : दोन्ही.

आदित्य : परीक्षेत दोन्ही लिहिलं तर मार्क मिळतील का?

बाई : परीक्षा घेणारा गाडीत बसला असता, तर दिले असते का?

(हे जरा शेरा मारल्यासारखं झालं. पण शेवटी प्रश्नचिन्ह होतं.)

बाई : प्रत्येक ओळीत अक्षरं किती?

(बोटांवर मोजणं. 'च्या' एक की दोन, यावर भांडण. शेवटी सगळीकडे आठ निघतात.)

आदित्य : बाई, तिसऱ्या ओळीतलं 'गं' भरतीचं आहे. ते काढलं की सात होतात. कवीला एक अक्षर कमी पडलं.

विशाल : चौथीतलं 'ती' पण तसलंच.

बाई : भरायचंच होतं तर 'रे' का नाही भरलं?

आदित्य : कारण ऐकणारी बाई आहे. किंवा मुलगी.

बाई : आणि बोलणारं कोण?

सानिका : शेजारीण. फोनवर सुनेला सांगतीय, तुझी सासू रोज झाडते गं.

बाई : शेजारीण तिला 'आजी' म्हणेल?

सानिका : नाही. म्हातारी म्हणेल. नाहीतर तुमची आत्याबाई.

बाई : मग 'आजी' कोण म्हणतं?

रेश्मा : नात. मोठी बहीण गावात राहिली आजीजवळ शाळेसाठी. धाकटी तिकडं कोपीवर आहे. मोठी तिला फोनवर सांगतीय.

(रेश्माची धाकटी बहीण कऱ्हाडकडे आहे. वर्गाला ठाऊक आहे. काही क्षण कुणी कुणाकडे बघितलं नाही.)

बाई : धाकटीनं काय विचारलं असेल, म्हणून हे उत्तर आलं?

रेश्मा : आपलं घर कसंय.

बाई : मग ती 'घर बरं आहे' असं का नाही म्हणाली?

रेश्मा : तसं म्हटलं की धाकटी रडती. झाडते म्हटलं की डोळ्यांपुढं दिसतं नुसतं.

कोमल : बाई, पण एक चुकलंय.

बाई : काय?

कोमल : नात बोलत असेल तर ती 'लेकाच्या दारी' कशी म्हणेल? ती म्हणेल बापाच्या दारी. नाहीतर आपल्या दारी.

(चूक खरंच आहे. चार ओळींत बोलणारं माणूस बदलतं, आणि ते मला लिहिताना दिसलं नव्हतं. सांगून टाकावंसं वाटलं. अट आठवली.)

बाई : 'आपल्या' घालून अक्षरं मोजशील?

कोमल : कु-लू-प आ-प-ल्या दा-री. आठ! बसतंय.

बाई : मग कुठलं ठेवायचं?

शाहिद : लेकाच्याच. दुसरी ओळ आजीची आहे. ती कुलपाकडं बघती तेव्हा तिला लेक दिसतो.

कोमल : मग 'गं' आजीचं का नाही?

शाहिद : आजी स्वतःला 'आजी झाडते' म्हणती का?

आदित्य : माझी म्हणती. बारक्याला. "आजी भाकर देती हं."

(इथं पाच मिनिटं गेली. मिटलं नाही. मी मिटवलंही नाही.)

बाई : ओसरी रिकामी आहे, तिथं कचरा कोण करतं?

विशाल : लिंबाचा पाला पडतो. कोंबड्या घाण करतात.

बाई : मग रोज कशाला? आठवड्यातून एकदा झाडलं तर?

सानिका : नाही चालत बाई. ओसरीवर पाला साचला की घर बंद दिसतं. लोक म्हणतात, गेली ही माणसं.

बाई : गेलीच आहेत ना?

सानिका : येणार आहेत की. पाडव्याच्या आगंमागं कारखान्याचा पट्टा पडला की.

बाई : 'रिकामीच' मधला 'च' बोटानं झाकून वाचशील?

सानिका : रिकामी ती ओसरी... आता नुसती माहिती झाली.

बाई : आणि 'च' सकट?

सानिका : झाडून मागं वळून बघितलं, तरी रिकामीच.

(हे मी उत्तर म्हणून मनात धरलेल्या वाक्यापेक्षा चांगलं होतं.)

विशाल : बाई, आमच्या दाराला कुलूप नाही. सुतळी बांधतो. आत न्यायला आहेच काय?

बाई : मग सुतळी तरी का बांधता?

विशाल : कुत्रं शिरू नये म्हणून. (थोड्या वेळानं) आणि आज्जा रोज गाठ बघतो. सुटली का म्हणून.

(मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "सुटली, सोडली नाही.")

कोमल : बाई, ही कविता कुणाची? खाली नाव नाही.

बाई : कुणाची असेल असं वाटतं?

रेश्मा : जी रोज ते कुलूप बघत शाळेत येती, तिची.

आदित्य : कुणाची का असेना, पण तिला एक अक्षर कमी पडलं होतं.