निरोपाचा मेसेज: मजकूर एकच, मधली ओळ ज्याची त्याची

एकूण 43 जण आहेत. ग्रुपवर टाकायचा नाही, स्टेटसला ठेवायचा नाही, ब्रॉडकास्ट पण नको, एकेकाला उघडून पाठवायचा. रोज रात्री दहा-बारा झाले की 28 तारखेपर्यंत सगळे होतील. "येते" च्या आधीपर्यंतचा मजकूर सगळ्यांना सारखाच जाईल, पण मधली ओळ अशी हवी की ती वाचून त्या माणसाला कळलं पाहिजे, बाईंना आपलं ते लक्षात आहे. "तुमचं सहकार्य कायम लक्षात राहील" असं कुणालाच लिहायचं नाही, ते निरोप समारंभाच्या फळ्यावर लिहितात.

पहिला पूर्ण मेसेज, मासळीवाल्या मावशींना:

मावशी, नमस्कार. मी शाळेतली, लातूरची बाई. माझी आंतरजिल्हा बदली झाली, ऑर्डर हातात आलीये, 30 मेला शाळेतून कार्यमुक्त होतेय आणि 31 ला सकाळी दापोलीहून गाडी. 2015 च्या जूनमध्ये आले होते, 11 वर्षं झाली, लेक इथेच बालवाडीपासून शिकली. सासऱ्यांना आता उठवत नाही आणि सासूबाईंच्यानं एकट्यानं होत नाही म्हणून बदली मीच मागितली होती, हर्णै नको झालं म्हणून नाही, हे तुम्हाला माझ्याच तोंडून कळावं असं वाटत होतं.

मी पहिल्यांदा लिलावाला आले तेव्हा मला बांगडा आणि सुरमई यातलं काही कळत नव्हतं, तुम्ही टोपलीतला एक बांगडा उचललात, अंगठ्याच्या नखाने त्याचा कल्ला उघडून दाखवलात आणि म्हणालात "बाई, हे लाल असलं तर घ्यायचं, कोण काय पण सांगो", तेव्हापासून आजपर्यंत मी कल्ला बघितल्याशिवाय मासा घेतला नाही.

सगळ्यांच्या दारात येणं आता जमेल असं दिसत नाही म्हणून लिहितेय, राग धरू नका. नंबर हाच राहणार आहे. तुळजापूरला देवीला कधी आलात तर पुढे लातूरला यायचंच, आमच्याकडे भाकरी खाल्ल्याशिवाय परत सोडणार नाही. जाते म्हणत नाही मावशी, येते.

(आता बाकीच्यांच्या फक्त मधल्या ओळी. वरचं "मावशी" बदलायला विसरायचं नाही, पाठवायच्या आधी प्रत्येक वेळी पहिला शब्द आणि शेवटचं वाक्य परत वाचायचं.)

घरमालक काका-काकू. यांना प्रत्यक्ष भेटणारच आहे पण तोंडाने बोलायला गेले की रडू येईल म्हणून लिहून पण द्यायचं:
3 जून 2020 ला दुपारी निसर्ग वादळात आमच्या खोलीवरचे पत्रे उडाले तेव्हा काकू लेकीला कडेवर घेऊन माजघरात गेल्या आणि काका तुम्ही दाराला पाठ लावून उभे राहिलात, वारा पडल्यावर तुम्ही वाडीत जाऊन आडवे झालेले माड आणि पोफळी बघत होतात, मी विचारलं काका किती गेले, तर म्हणालात "ते मोजू उद्या, आधी पोरीला काहीतरी खायला द्या", आणि नंतर लाईट नसलेल्या त्या सगळ्या दिवसांत विहिरीचं पाणी आधी आमच्या कळशीत पडायचं हे मी बघत होते.

तांडेल दादा (सहावीतल्या मुलाचे वडील):
दादा, खारे वारे आणि मतलई वारे मी पुस्तकातून तीन वेळा शिकवले तरी मुलांच्या डोक्यात जात नव्हतं, मग तुम्ही वर्गात आलात, फळ्यावर किनारा काढलात आणि सांगितलंत की तुमचे आजोबा पहाटे मतलईवर शीड टाकून बाहेर जायचे आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचे, त्यानंतर परीक्षेत तो प्रश्न एकाचाही चुकला नाही.
(1 जूनपासून बंदी आहे, म्हणजे ते आता होडी वर ओढायच्या आणि शाकारायच्या गडबडीत असणार. मेसेज रात्री पाठवायचा.)

सुवर्णदुर्गाला नेणारे होडीवाले दादा:
तुम्ही आमच्या 26 पोरांना किल्ल्यावर नेलंत तेव्हा चढताना मोजलीत, उतरताना मोजलीत आणि धक्क्यावर आल्यावर तिसऱ्यांदा मोजलीत, माझी मोजणी झालेली असूनही. 2025 च्या जुलैमध्ये सुवर्णदुर्गाचं नाव जागतिक वारशाच्या यादीत आलं तेव्हा वर्गातली पोरं "आपण तिथे गेलोय" म्हणून बाकावर उभी राहिली, ते तुमच्यामुळे.

शेजारच्या भाभी. यांना नमस्कारच्या जागी सलाम लिहायचं:
ईदचा शीरखुर्मा तर दरवर्षी आलाच, पण लेकीला कांजिण्या झाल्या होत्या आणि ती काही खात नव्हती तेव्हा तुम्ही फणसाची सांदणं करून पाठवलीत, ती तिने खाल्ली, आणि आता ती सारखी विचारते की लातूरला फणस मिळतो का.

पोषण आहाराच्या ताई:
खिचडीच्या पातेल्याला लागलेली खरपूड तुम्ही वाटीत काढून झाकून ठेवायच्यात कारण मी एकदा कधीतरी सहज म्हणाले होते की मला ती आवडते, एकदाच म्हणाले होते ताई.

रिक्षावाले दादा:
रात्री दीडला फोन केला होता, लेकीला ताप चढला होता, तुम्ही बनियनवरच रिक्षा काढलीत, दापोलीपर्यंत एक शब्द बोलला नाहीत आणि परत येताना भाड्याचं विचारलं तर म्हणालात उद्या बघू, तो उद्या अजून आलेला नाही.
(पैसे घेणार नाहीत माहितीये. त्यांच्या मुलाला दप्तर घेऊन द्यायचं, मेसेजमध्ये ते लिहायचं नाही.)

किराणा दुकानदार काका:
पगार लांबला त्या महिन्यांत तुम्ही वही उघडायचात आणि लिहून घ्यायचात, पण इतर गिऱ्हाईकं उभी असताना कधी आकडा मोठ्याने म्हणाला नाहीत. 25 तारखेला येऊन वही पूर्ण करते.

अंगणवाडीच्या ताई:
माझी लेक पहिले आठ दिवस रडत होती तेव्हा तुम्ही तिला मांडीवर घेऊन हजेरी लिहायच्यात.

केंद्रप्रमुख सर (यांना भाकरीचं वाक्य नको, "सर, आपला आशीर्वाद असावा" एवढंच):
सर, माझ्या पहिल्या तपासणीच्या दिवशी घाबरून माझ्या हातातून खडू पडला, तुम्ही तो उचलून दिलात आणि मागच्या बाकावर पोरांच्यात जाऊन बसलात, त्यानंतर मला तपासणीची भीती वाटली नाही.

पोस्टातले भाऊ: सासऱ्यांची औषधं पाठवायची असायची तेव्हा पार्सलचं तोंड माझ्याकडून नीट चिकटत नाही म्हणून तुम्ही दरवेळी वरून परत टेप लावून द्यायचात.

माझी माजी विद्यार्थिनी, आता दापोलीला कॉलेजला. हिला सगळा मेसेज "तू" करून:
अगं, आंजर्ल्याला कासवांची पिल्लं सोडताना बघायला आपण पहाटे गेलो होतो, सगळे मोबाईलवर व्हिडिओ काढत होते आणि तू वाळूत पालथी पडून एकच पिल्लू पाण्यापर्यंत जाईतो बघत राहिलीस, मग वहीत लिहिलंस "ते दोनदा उलटं झालं पण पाणी कुठंय ते त्याला माहीत होतं", ते पान मी तुला न विचारता फाडून घेतलं होतं, ते माझ्याकडे आहे आणि मी ते सोबत नेतेय.

एका पालकांना, ज्यांच्याशी माझं वाजलं होतं. यांना पाठवायचा की नाही यावर दोन दिवस गेले, पण पाठवायचाच:
भाऊ, तुमचा मुलगा शाळा बुडवतो म्हणून मी चारचौघांत तुम्हाला बोलले होते, नंतर कळलं की तो सकाळी आईसोबत मासळी निवडायला बसायचा कारण तुम्ही आजारी होतात. तेव्हाच माफी मागायला हवी होती, मी नुसती बोलायची थांबले. ती आज मागते.
(यांना खाली तुळजापूरचं वगैरे नको, माफी मागून लगेच जेवायला बोलावलं तर ते खोटं वाटेल. फक्त "येते".)

वाडीतल्या त्या ताई, ज्यांचे मालक समुद्रातून परत आले नाहीत. यांना हा मेसेजच नाही. यांना "येते" सुद्धा लिहिता येत नाही मला, चार वेळा टाईप करून खोडलं. वेगळा, एवढाच:
ताई, मी 31 तारखेला लातूरला जातेय, बदली झाली. मुलीची दहावीची पुस्तकं मी शाळेच्या कपाटात बाजूला काढून ठेवलीयेत, वर तिचं नाव लिहिलंय, जूनमध्ये घेऊन जायला सांगा. फी, फॉर्म, काहीही अडलं तर मला फोन करायचा, तिने केला तरी चालेल. मी शुक्रवारी संध्याकाळी तुमच्याकडे येऊन बसणार आहे, काही करू नका खायला.

सोबतच्या बाई, वर्गशेजारीण. हिला पण "तू":
पावसाळ्यात माझ्या वर्गात गळायला लागलं की तू न बोलता मधलं दार उघडायचीस आणि माझी पोरं तुझ्या पोरांत सरकून बसायची, तिसरी आणि चौथी एकाच फळ्यावर, अर्धा तुझा अर्धा माझा. माझ्या कपाटाची चावी तुझ्याकडेच ठेवतेय, नवीन कोण येईल त्यांना तू दे, आणि सांग की खालचा खण पावसात फुगतो, उचलून ओढावा लागतो.

रिप्लाय आले तर: हात जोडलेलं चित्र आलं की आपणही तेच पाठवायचं, कुणी लांब लिहिलं तर त्याच रात्री उत्तर द्यायचं, सामान बांधायचं राहिलं तरी चालेल. कुणी "पार्टी कधी" विचारलं तर 29 ला शाळेत चहा आहे, या.

शेवटी पलीकडच्या आजी. त्यांच्याकडे साधा फोन आहे आणि वाचता येत नाही, म्हणून हा त्यांच्या नातवाच्या नंबरवर बोलून पाठवायचा, हळू बोलायचं, पंख्याखाली बोलायचं नाही:

आजी, मी बाई बोलतेय. मी गावाला जातेय, कायमची. तुम्ही दरवर्षी रातांबे फोडायला मला ओसरीवर बसवायच्यात, माझे हात लाल झाले की तुम्ही खोबरेल चोळून द्यायच्यात आणि विचारायच्यात "तुमच्याकडे आंबट काय घालतात गो आमटीत", मी चिंच म्हणाले की तुम्हाला पटायचं नाही. तुम्ही दिलेली आमसुलं मी बरणीत भरून घेतलीयेत. वर्षभर पुरतील. संपली की मी येते.