मोहोळच्या दोन एकराचा माती अहवाल : रब्बीसाठी खत आणि पीक

अण्णा, नमस्कार.

माती पत्रिकेचा फोटो मिळाला. घडीवर उजेड पडल्यामुळे स्फुरदाचा आकडा नीट दिसत नाही, ९.४ आहे की १९.४ ते कळत नाही. कागद सावलीत धरून तेवढ्याच ओळीचा फोटो पुन्हा पाठवा. तोवर ९.४ धरून लिहिते, आणि १९.४ निघाला तर काय करायचं तेही सांगते.

एक गोष्ट आधी. पत्रिकेतले नत्र, स्फुरद, पालाशचे आकडे किलो प्रति हेक्टर आहेत, म्हणजे अडीच एकराचे. खाली मी जे लिहिलंय ते सगळं एका एकराचं आहे.

सामू ८.३ आणि क्षारता ०.३४. क्षाराची भीती नाही. दुकानदार जिप्सम घ्या म्हणतोय, पण एवढ्यावरून घेऊ नका. आपल्या काळ्या रानात मुक्त चुना असतो, सामू बहुतेक त्यामुळेच चढलाय, आणि चुन्यावर जिप्सम टाकून काही होत नाही. पुढच्या वेळी चुना आणि सोडियमचं प्रमाण तपासून घ्या. सोडियम जास्त निघालं तरच जिप्समचा विचार करू.

सेंद्रिय कर्ब ०.३८ आणि नत्र १६८, दोन्ही कमी. पालाश ५१२ आहे. २८० च्या वर गेला की भरपूर समजायचा, म्हणून यंदा पोटॅशची एकही गोणी नको. ते पैसे शेणखताला लावा, एकरी चार-पाच बैलगाड्या तरी पडू द्या. गंधक ८.२ आहे, १० हवं. जस्त ०.४१ आहे, ०.६ हवं. लोह ३.६ आहे, ४.५ हवं. तांबं, मँगनीज, बोरॉन ठीक आहेत.

गंधक कमी आहे म्हणून डीएपीऐवजी सुपर फॉस्फेट घ्या. स्फुरदाबरोबर गंधकही आपोआप मिळतं.

दोन एकराचे दोन भाग करा. ओढ्याकडच्या एकरात हात-दीड हातावर मुरूम लागतो असं तुम्हीच सांगितलं होतं. तिथं ज्वारी करा. मालदांडी तुमच्या हातातली आहे, नाहीतर फुले सुचित्रा मध्यम जमिनीला चांगली. पंधरा ऑक्टोबरच्या आत पेरा. कोरडवाहूची शिफारस हेक्टरी ४० नत्र, २० स्फुरद. आपल्याकडे दोन्ही कमी असल्यानं चौथाई वाढवली, म्हणजे एकरी युरियाची एक गोणी आणि सुपर फॉस्फेट ६२ किलो. सगळं पेरणीबरोबरच, दोन चाड्याच्या पाभरीनं, खत बियाण्याच्या खाली पडेल असं. वरून फेकलेला युरिया कोरड्या मातीत वाया जातो.

विहिरीकडचा एकर खोल आहे, तिथं हरभरा. दिग्विजय घ्या, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पेरा. एकरी सुपर फॉस्फेट १५६ किलो, तीन गोण्यांवर थोडं, आणि युरिया फक्त २२ किलो. हरभऱ्याला नत्र वाढवायचं नाही, मुळावरच्या गाठी ते काम करतात. त्यासाठी दहा किलो बियाण्याला रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत प्रत्येकी पाव किलो चोळा. बुरशीनाशक लावणार असाल तर ते आधी आणि जिवाणू खत शेवटी. पाणी एक महिन्यानं, मग घाटे भरताना. तुमची विहीर जानेवारीपर्यंत चालते, तेवढ्यात ते बसतं. ऊस मात्र या विहिरीवर नको, उन्हाळ्यात हातचा जाईल.

स्फुरद १९.४ निघाला तर तो मध्यमात येतो. मग वाढ काढायची. ज्वारीला सुपरची एक गोणी, हरभऱ्याला अडीच. बाकी काही बदलत नाही.

जस्त आणि लोहाची काळजी जास्त घ्या, कारण चुनखडीच्या मातीत नुसतं टाकलं तर बांधलं जातं. एकरी झिंक सल्फेट दहा किलो आणि फेरस सल्फेट दहा किलो घ्या. दोन्ही दोन-तीन क्विंटल कुजलेल्या शेणखतात कालवा, पाणी शिंपडा, गोणपाटानं झाका आणि आठवडाभर मुरू द्या. मग शेवटच्या कुळवाआधी पसरा. झिंक सुपर फॉस्फेटमध्ये मिसळू नका, दोघं एकमेकांना अडकवतात. हरभऱ्याचे नवे शेंडे पिवळे पडून शिरा हिरव्या राहिल्या तर लोहाचीच कमी समजा आणि मला फोटो पाठवा, फवारणी सांगते.

डाळिंबाचं विचारलंत. मुरमाड, निचऱ्याचं रान त्याला चालतं, पण या पत्रिकेवरून लावायचं ठरवू नका. तिच्यात वरच्या वीतभर मातीचाच नमुना आहे, झाडाची मुळं त्याच्या खाली जातात. आधी खड्डा खणून खालची माती आणि विहिरीचं पाणी दोन्ही तपासा. केगावला डाळिंब संशोधन केंद्र आहे, रिपोर्ट घेऊन तिथं एक चक्कर मारा.

येत्या मृगात ज्वारीच्या एकरात तूर घालू, तेव्हा पुन्हा बोलू. स्फुरदाचा फोटो उद्या सकाळी पाठवा, खत आणायला जायच्या आधी.