विषय : डेंग्यूच्या आजारपणामुळे असाइनमेंट सादर करण्यास ३० सप्टेंबरपर्यंत मुदतवाढ मिळण्याबाबत

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

मी सायली परब, एम. ए. भाग दोन (इतिहास), रोल नंबर ३४. मुंबईच्या नागरी इतिहासाच्या पेपरसाठी आपण दिलेली २० गुणांची असाइनमेंट येत्या सोमवारी, २२ सप्टेंबरला सादर करायची आहे. मला डेंग्यू झाल्यामुळे मी रविवार १४ सप्टेंबरपासून काल, म्हणजे बुधवार १७ सप्टेंबरच्या दुपारपर्यंत रुग्णालयात दाखल होते आणि डॉक्टरांनी २४ तारखेपर्यंत घरीच विश्रांती घ्यायला सांगितली आहे. त्यामुळे असाइनमेंट सादर करण्यासाठी मला मंगळवार, ३० सप्टेंबरपर्यंत मुदत वाढवून द्यावी, अशी आपणांस नम्र विनंती आहे.

हा मेल मी आधीच पाठवायला हवा होता. तो का पाठवला नाही, हे सांगणे आवश्यक वाटते. मंगळवारी, ९ तारखेच्या रात्री ताप आला, तेव्हा गणपतीतल्या जागरणांचा आणि पावसात भिजल्याचा परिणाम असेल असे समजून दोन दिवस पॅरासिटामॉलवर काढले. गुरुवारी ताप १०३ च्या खाली उतरेना आणि डोळ्यांच्या मागे ठणका लागला, म्हणून रक्त तपासले, तर एनएस-१ पॉझिटिव्ह आले. त्या दिवशी प्लेटलेट १,५६,००० होत्या, त्यामुळे डॉक्टरांनी भरपूर पाणी पिण्यास, रोज सीबीसी करण्यास आणि पॅरासिटामॉलखेरीज दुसरी कोणतीही वेदनाशामक गोळी न घेण्यास सांगून घरी पाठवले. शनिवारी ताप पूर्ण उतरला. आता बरे वाटेल, सोमवारपासून लिहायला बसू, मग सरांना उगीच कशाला कळवायचे, असा विचार मी केला आणि त्याच दुपारी लॅपटॉप उघडून बसलेही. डेंग्यूमध्ये ताप उतरल्यानंतरचे एकदोन दिवसच अधिक जपायचे असतात, हे मला रविवारी पहाटे उलट्या आणि पोटदुखी सुरू झाल्यावर कळले. दाखल करताना प्लेटलेट ४१,००० होत्या. सुदैवाने रक्तस्राव झाला नाही आणि प्लेटलेट चढवण्याची वेळ आली नाही. सलाइनवर तीन दिवस काढल्यानंतर काल घरी सोडले, तेव्हा त्या ८८,००० पर्यंत आल्या होत्या. शनिवारी, २० तारखेला, पुन्हा सीबीसी करायची आहे.

रुग्णालयात असताना काही काम करता येईल, या आशेने मी भावाकडून वाचनाचे कागद मागवून घेतले होते. डाव्या हाताला सलाइन असल्यामुळे उजव्या हातात मोबाइल धरून मी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या वार्षिक अहवालाचे स्कॅन केलेले पान मोठे करून वाचायचा प्रयत्न केला. जमिनीच्या मोबदल्याचे तक्ते होते. तिसऱ्या ओळीपर्यंत पोहोचेस्तोवर पहिल्या ओळीतला आकडा डोक्यातून गेलेला असे, आणि शेवटी सिस्टरांनी मोबाइल काढून उशीखाली ठेवला. अजूनही सलग अर्धा तास बसले की घाम सुटतो. हा मेल मी सकाळपासून तीन बैठकांत लिहीत आहे, त्यामुळे त्यात काही विस्कळीतपणा आला असल्यास समजून घ्यावे.

असाइनमेंट १ ऑगस्टला दिली होती आणि सात आठवडे पुरेसे होते, हे मला मान्य आहे. त्यातला बराचसा वेळ मी वाचनात घालवला आणि लिखाण अनंत चतुर्दशीनंतरच्या दोन आठवड्यांवर ठेवले, ही माझ्या नियोजनातली चूक आहे. मात्र काम सुरूच झालेले नाही, अशी स्थिती नाही. सध्या सुमारे २,१०० शब्दांचा मसुदा तयार आहे. तो जसा आहे तसा सोबत जोडला आहे, म्हणजे मी किती अंतरावर आहे हे आपणांस पाहता येईल.

पहिल्या भागात सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केल्यापासून ब्रिगेडियर जनरल गॅटॅकर यांच्या प्लेग समितीच्या कामापर्यंतचा आढावा आहे. घरोघरची झडती, रोग्यांना आणि त्यांच्या घरच्यांना वेगळे ठेवणे आणि १८९७ चा साथरोग कायदा एवढे त्यात आले आहे. दुसऱ्या भागात १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टमागचा विचार मांडला आहे. रोग घाणीतून, दमट जमिनीतून आणि कोंदट हवेतून उद्भवतो, या समजुतीवर दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्याची योजना उभी राहिली. उंदरांच्या पिसवांचा संबंध सर्वमान्य होईपर्यंत प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडची आखणी होऊन गेली होती, हा माझ्या मांडणीतला मुख्य मुद्दा आहे. हे दोन्ही भाग संदर्भांसह पूर्ण आहेत.

राहिलेला तिसरा भाग पाडकामात घर गेलेल्या लोकांविषयी आहे. ते कुठे गेले, ट्रस्टच्या चाळींत त्यांच्यापैकी किती जणांना जागा मिळाली आणि आसपासच्या वस्त्यांतली गर्दी त्यामुळे कशी वाढली, हे मला ट्रस्टच्याच वार्षिक अहवालांतून दाखवायचे आहे. याच्यासाठी काळा घोडा येथील राज्य पुराभिलेखागारात मला दोन दिवस बसावे लागेल. ऑगस्टमध्ये मी तिथे चार वेळा गेले होते आणि १९०५ पर्यंतच्या नोंदी उतरवून घेतल्या आहेत. पुढच्या चार वर्षांच्या राहिल्या आहेत. त्या नोंदींशिवाय हा भाग दुसऱ्यांच्या पुस्तकांवरून लिहिता येईल, पण मूळ साधने पाहिल्याशिवाय आकडा लिहू नका, असे आपण पहिल्याच तासाला बजावले होते आणि या असाइनमेंटमध्ये मला तेच करून पाहायचे आहे.

इथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. मी दाखल असताना महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे दोन कर्मचारी भांडुपच्या आमच्या घरी आले. बॅटरी लावून त्यांनी पिंप, कुंड्या आणि फ्रिजमागचा ट्रे पाहिला, आणि डासांच्या अळ्या सापडल्या त्या माझ्याच टेबलावरच्या मनीप्लांटच्या बाटलीत. आईला इतका संकोच वाटला की तिने ती बाटली वनस्पतीसकट टाकून दिली, आणि शेजारच्या काकूंना दोन दिवस काहीच सांगितले नाही. प्लेगच्या झडत्यांविषयी मी सरकारी अहवालांच्या भाषेत लिहिले होते. दार उघडणाऱ्या माणसाला काय वाटत असेल, याचा मी पुरेसा विचार केला नव्हता. त्या काळी झडतीला येणाऱ्यांच्या मागे शिपाई असत आणि माणूस सापडला तर त्याला घरापासून तोडून नेत, त्यामुळे तुलना मर्यादितच आहे, हे मी जाणते. तरीही पहिल्या भागातला एक परिच्छेद मला नव्याने लिहावासा वाटतो. मुदत मिळाली नाही, तर तो आहे तसाच राहील.

३० सप्टेंबर ही तारीख मी अंदाजाने मागितलेली नाही. २४ तारखेपर्यंत डॉक्टरांनी लोकलचा प्रवास करू नये असे सांगितले आहे, आणि तो सल्ला मोडून गर्दीच्या स्लो लोकलने सीएसएमटी गाठण्याची ताकदही सध्या नाही. २५ आणि २६ हे दोन दिवस पुराभिलेखागारात, शनिवार-रविवार लिखाणासाठी, सोमवार संदर्भसूची आणि शुद्धलेखन तपासण्यासाठी आणि मंगळवारी दुपारी सादरीकरण, असा माझा हिशेब आहे. अंतर्गत गुण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात विभागाकडे द्यायचे असतात, असे आपण वर्गात सांगितले होते. आपल्याला तपासायला वेळ मिळावा, म्हणून मी त्याहून पुढची तारीख मागत नाही.

वेळेत काम करणाऱ्यांवर अन्याय नको, म्हणून उशिरा आलेल्या असाइनमेंटचा दर दिवसाला एक गुण कमी करण्याचा आपला नियम मला ठाऊक आहे आणि तो योग्यही वाटतो. माझ्या आजारपणाची कागदपत्रे पाहून तो नियम शिथिल करणे आपणांस उचित वाटल्यास मी आभारी राहीन. तसे करता येत नसेल, तर कमी होणारे गुण मला मान्य असतील, फक्त असाइनमेंट स्वीकारली जावी. आणि मुदत वाढवणेच शक्य नसेल, तर कृपया शनिवारपर्यंत तसे कळवावे. मग जोडलेल्या मसुद्यात तिसऱ्या भागाचा थोडक्यात गोषवारा घालून मी तो २२ तारखेला मेलने सादर करेन.

आणखी एक छोटी बाब आहे. बुधवारी, २४ तारखेच्या तासाला वर्गात निबंधवाचनाची पाळी माझी आहे. त्या दिवशी मी येऊ शकणार नाही. १ ऑक्टोबरला पाळी असलेली माझी वर्गमैत्रीण अदलाबदल करायला तयार आहे. आपली संमती असल्यास ती २४ तारखेला वाचन करेल.

मेलसोबत रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, ११ ते १७ सप्टेंबरचे रक्ततपासणीचे अहवाल, विश्रांतीचा सल्ला नमूद केलेले वैद्यकीय प्रमाणपत्र आणि असाइनमेंटचा मसुदा अशा चार फाइल जोडल्या आहेत. प्रमाणपत्राची मूळ प्रत हवी असल्यास माझा भाऊ ती विभागाच्या कार्यालयात आणून देईल. फोनवर बोलणे आपल्याला सोयीचे असेल, तर संध्याकाळी पाचनंतर मी कधीही बोलू शकेन. दुपारी औषधांमुळे झोप लागते.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली विद्यार्थिनी,
सायली परब
एम. ए. भाग दोन, इतिहास
रोल नंबर ३४
गुरुवार, १८ सप्टेंबर