वाहन कर्ज फेडल्यानंतर एनओसी मिळण्याबाबत व आरसीवरील बोजा उतरवण्याबाबत अर्ज

दि. 25 ऑगस्ट 2025

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
वाहन कर्ज विभाग,
विश्रामबाग शाखा, सांगली

विषय : मारुती वॅगन-आर, क्र. एमएच 10 डीएल 4173 : ना-हरकत दाखला (एनओसी) व नमुना 35 मिळण्याबाबत
कर्जखात्याचे शेवटचे चार अंक : 6082

महोदय,

वरील गाडीसाठी मी 2020 साली आपल्या शाखेतून 4,20,000 रुपयांचे कर्ज घेतले होते. दरमहा 8,719 रुपयांचे 60 हप्ते होते. पहिला हप्ता 5 ऑगस्ट 2020 रोजी गेला, शेवटचा 5 जुलै 2025 रोजी. मध्ये एकदा चेक परत गेल्याचे 590 रुपये बाकी दिसत होते. ते मी 14 जुलैला शाखेत येऊन भरले आणि त्याच दिवशी खाते बंद झाल्याचे स्टेटमेंट मला मिळाले. म्हणजे आपले देणे काही राहिलेले नाही.

अडचण पुढे झाली. एनओसी 18 जुलैला कुरिअरने निघाली, पण ती पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील माझ्या जुन्या भाड्याच्या पत्त्यावर. ती खोली मी 2022 मध्येच सोडली. पत्ता बदलल्याचा अर्ज मी तेव्हा आपल्याकडे दिला होता, त्याची शिक्का मारलेली पोच जोडली आहे. पाकीट परत आल्याचे काउंटरवर सांगतात, मात्र ते सध्या कुठे आहे हे तीन फेऱ्या मारूनही कळलेले नाही. पहिल्यांदा ‘हेड ऑफिसला असेल’, दुसऱ्यांदा ‘इथेच असेल, सोमवारी या’. आज सोमवारच आहे.

त्यामुळे जुने पाकीट शोधत बसण्यापेक्षा आजच्या तारखेची नवी एनओसी द्यावी, ही विनंती. एनओसीची मुदत 90 दिवस असते असे काउंटरवरच समजले. 18 जुलैची सापडली तरी तिचे निम्मे दिवस आता संपत आले आहेत.

एनओसीसोबत नमुना 35 च्या दोन्ही प्रतींवर आपली सही आणि शिक्का हवा आहे. माझ्या सह्या करून दोन्ही प्रती जोडल्या आहेत. कृपया दोन्हींवर शिक्का आहे ना, हे देण्यापूर्वी पाहावे. गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाच्या स्कूटरच्या वेळी एका प्रतीवर शिक्का राहिला होता, आणि तेवढ्यासाठी त्याला आरटीओच्या खिडकीवरून परत पाठवले होते. एनओसीवरचा चासी क्रमांकही आरसीशी ताडून पाहावा, ही आणखी एक विनंती. आरसीची झेरॉक्स जोडली आहे.

आपल्याकडून ‘वाहन’ पोर्टलवर कर्ज फिटल्याची नोंद ऑनलाइन जात असेल तर तीही करावी. विमा पॉलिसीवरही आपले नाव आहे. ते काढायला विमा कंपनी एनओसीची प्रत मागते, म्हणून एक साक्षांकित प्रत जादा मिळावी. तसेच हप्त्यासाठी दिलेला ऑटो-डेबिटचा आदेश रद्द करावा, सुरुवातीला घेतलेले तीन कोरे चेक परत करावेत आणि खाते बंद झाल्याची माहिती सिबिलला कळवावी.

घाईचे कारण असे. गाडीचा व्यवहार मिरजेच्या एका शिक्षकांशी ठरला असून त्यांनी 10,000 रुपये विसार दिला आहे. 7 सप्टेंबरला पितृपक्ष लागतो, त्या पंधरवड्यात ते गाडी घरी नेणार नाहीत. घटस्थापनेला, 22 सप्टेंबरला, ताबा हवा असे त्यांचे म्हणणे आहे. आरसीवर आपला बोजा असेपर्यंत नमुना 29 आणि 30 भरून काही उपयोग नाही. आधी बोजा उतरणार, मग नावावर होणार. त्यातच बुधवारी गणपती बसतात. म्हणून 3 सप्टेंबरपर्यंत कागद हाती मिळावेत. पुन्हा कुरिअर करू नये, मी स्वतः येऊन सही करून घेऊन जाईन.

रिझर्व्ह बँकेच्या 13 सप्टेंबर 2023 च्या परिपत्रकाप्रमाणे वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत करून नोंदवलेला बोजा काढायचा असतो, आणि कर्ज देणाऱ्याकडून उशीर झाल्यास दिवसाला 5,000 रुपये भरपाई असते. 14 जुलैपासून मोजले तरी ती मुदत 13 ऑगस्टला संपली. मला भरपाईपेक्षा कागद हवे आहेत. पण 3 सप्टेंबरपर्यंत ते मिळाले नाहीत, तर हाच अर्ज आपल्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे पाठवून भरपाईही मागावी लागेल.

या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच द्यावी.

आपला विश्वासू,
सुनील विठ्ठल माने
वारणाली, विश्रामबाग, सांगली
(मोबाइल क्रमांक कर्जखात्यात नोंदलेलाच आहे.)

सोबत : आरसीची झेरॉक्स, खाते बंद झाल्याचे स्टेटमेंट, 590 रुपयांची पावती, पत्ता बदलाच्या अर्जाची पोच, आधारची प्रत, नमुना 35 च्या दोन सह्या केलेल्या प्रती