चपट्या चेहऱ्यासाठी कुत्र्यांची पैदास: रूपाची किंमत कोण मोजतो?

पग, फ्रेंच बुलडॉग, इंग्लिश बुलडॉग, पेकिनीज या जातींचे कुत्रे पाहताक्षणी आवडतात. मोठे गोल डोळे, आत दबलेले नाक आणि बाळासारखा चेहरा पाहून कुणालाही माया वाटावी, यात गैर काही नाही. परंतु हा चेहरा आपोआप घडलेला नाही. ज्यांचा जबडा अधिक आखूड त्यांचीच पिल्ले पुढे वाढवत माणसाने तो पिढ्यान्‌पिढ्या घडवला आहे आणि त्याची किंमत कुत्रा प्रत्येक श्वासागणिक चुकवतो. म्हणून केवळ रूपासाठी अशी पैदास करणे अनैतिक आहे, असे माझे ठाम मत आहे.

कवटीचे हाड आखूड झाले, तरी आतले मऊ भाग त्या प्रमाणात लहान होत नाहीत, हे या दुखण्याचे मूळ आहे. टाळूचा मागचा मऊ भाग लांब राहून घशात लोंबतो, नाकपुड्या फटीएवढ्या अरुंद होतात, काहींची श्वासनलिकाही अरुंद असते. हवा आत ओढण्यासाठी सतत जोर लावावा लागल्याने कालांतराने स्वरयंत्राजवळचा भागही सुजतो आणि वाट आणखी आवळली जाते. कुत्रा अंगातील उष्णता मुख्यतः ल्हा-ल्हा करून बाहेर टाकतो, त्यामुळे ज्याला श्वासच पुरत नाही, त्याला उन्हाळ्यातली थोडीशी धावपळही उष्माघातापर्यंत नेऊ शकते. उथळ खोबणीतून पुढे आलेल्या डोळ्यांच्या बुबुळांना जखमा होतात, चेहऱ्याच्या घड्यांत ओल साचून त्वचा चिघळते आणि नेहमीचे बेचाळीस दात तोकड्या जबड्यात दाटीवाटीने, वाकडेतिकडे उगवतात. बुलडॉगची पिल्ले बहुतेक वेळा सिझेरियन करूनच जन्माला येतात, कारण डोके मोठे आणि आईचे कटीर अरुंद असते. जी जात शस्त्रक्रियेच्या आधाराशिवाय पुढची पिढीही सहसा जन्माला घालू शकत नाही, तिची घडण करताना आपण कुठे थांबायला हवे होते, हा प्रश्न टाळता येत नाही.

याहून मला अधिक अस्वस्थ करते ती आपल्या कानांची सवय. झोपेतली घोरघोर, खाताना येणारा घुरघुराट, चार पावलांनंतरची धाप यांना मालक ‘या जातीचा स्वभाव’ म्हणतात. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, श्वसनाची स्पष्ट लक्षणे असलेल्या कुत्र्यांच्या निम्म्याहून अधिक मालकांनी आपल्या कुत्र्याला श्वासाचा काही त्रास नसल्याचे सांगितले होते. हे मालक निर्दयी नव्हते. ते आपल्या कुत्र्यांवर मनापासून प्रेम करत होते. दुखणेच जातीची ओळख होऊन बसले की ते प्रेम करणाऱ्यालाही दिसेनासे होते, आणि म्हणूनच ‘मालक चांगली काळजी घेतात’ हा बचाव मला अपुरा वाटतो.

दुसरा बचाव अधिक विचार करायला लावणारा आहे. अशी पैदास झाली नसती, तर हा विशिष्ट कुत्रा जन्मालाच आला नसता, मग त्याचे नुकसान झाले असे कसे म्हणायचे? तथापि जो जन्मलाच नाही, त्याचे जन्माला न घातल्याने काही हिरावले जात नाही. पैदासकारापुढे कोणती जोडी जुळवायची याची निवड असते, आणि जिच्या पिल्लांना गुदमरण्याचा धोका अधिक आहे, अशी जोडी केवळ चेहऱ्यासाठी निवडणे ही त्याचीच जबाबदारी ठरते.

उपाय नाहीत असे नाही. नेदरलँड्समध्ये मुस्कटाची लांबी डोक्याच्या लांबीच्या किमान एक तृतीयांश असावी, असा निकष 2019 पासून पैदाशीसाठी लावला जाऊ लागला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कुत्र्यांच्या जातींची नोंदणी ठेवणाऱ्या केनेल क्लबने केंब्रिज विद्यापीठासह कुत्र्याला काही मिनिटे धावायला लावून त्याच्या श्वासाची प्रतवारी करणारी तपासणी सुरू केली. ही तपासणी उपयुक्त आहे. मात्र ती मालकाच्या इच्छेवर सोडली, तर ज्यांना तिची सर्वाधिक गरज आहे, तेच तिच्यापासून दूर राहतील. पैदाशीपूर्वी ती सक्तीची असावी, आणि ज्या जातींत निरोगी जनावरे फार थोडी उरली आहेत, तिथे लांब मुस्कटाच्या जातींशी संकर करून त्या पिल्लांना नोंदणीत स्थान द्यावे.

संकराने जात ‘बिघडेल’ अशी भीती पैदासकार व्यक्त करतात. इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ याने 1745 मध्ये स्वतःसोबत आपला पग रंगवला आहे. त्याचे मुस्कट आजच्या पगपेक्षा ठळकपणे पुढे आलेले आहे, आणि तरीही त्या काळी तो पगच होता.